काकूंच्या फोनवरची नोटिफिकेशनं

मी काय काम करते ते माझ्या आईला अजून नीट सांगता येत नाही. ती लोकांना सांगते, "मोबाइलवर जेवण मागवायचं असतं ना, त्या ऑफिसात आहे." त्या ऑफिसात मी नोटिफिकेशनं लिहिते. दुपारी तुमच्या फोनच्या पडद्यावर एक ओळ उगवते, 'बिर्याणीवर आज सूट' वगैरे, आणि तुम्ही ती न वाचताच बोटाने बाजूला सारता. ती कुणीतरी बसून लिहिलेली असते. परळला, काचेच्या एका इमारतीत, ती मराठीतून लिहिणारी मी.

सुरुवातीला आमच्याकडची मराठी म्हणजे हिंदीचं शब्दाला शब्द भाषांतर होतं. 'भूक लागली? आता ऑर्डर करा!' असलं. लोक ते बंद करून टाकायचे. आमच्या धंद्यात ती सगळ्यात वाईट गोष्ट. ओळ कुणी उघडली नाही तर फारसं बिघडत नाही, पण वैतागून त्याने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आमची परवानगीच काढून घेतली, की तो माणूस गेला. पुन्हा त्याला हाक मारता येत नाही. म्हणून मॅनेजरने मला सांगितलं होतं, "तुझी ओळ किती जणांनी उघडली हे मी नंतर बघणार. आधी बघणार, ती वाचून किती जणांनी आपल्याला बंद केलं."

माझी पहिली वाचक होती शेजारच्या काकू.

आम्ही गिरगावात राहतो. एका मजल्यावर चार बिऱ्हाडं, त्यात समोरच्या दारी काका-काकू. काका माझगावला गोदीच्या कचेरीत होते, रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली. काकूंचे गुडघे गेल्यावर त्यांच्या मुलीने, ती प्रभादेवीला असते, काकूंच्या फोनवर आमचं ॲप टाकून दिलं होतं. काकू दुपारची झोप काढून उठल्या की फोन हातात घ्यायच्या आणि आलेली ओळ मोठ्याने वाचायच्या. मी घरून काम करत असले तर दार उघडंच असायचं. त्या आतून म्हणायच्या, "अगं, आज काय ओरडतोय हा तुझा माणूस. 'लवकर करा, संधी सोडू नका.' आग लागलीय का कुठे?"

मी एकदा त्यांना विचारलं, "मग काय लिहू, काकू?"

"चारला माणसाला काय हवं असतं? चहा. मग विचार ना सरळ. मी यांना कसं विचारते? 'चहा झाला? बरोबर काहीतरी खाऊन घ्या.' एवढंच. त्यात ओरडायचं काय?"

मी ती ओळ जशीच्या तशी नेली. 'चहा झाला? बरोबर काहीतरी खाऊन घ्या.' बंद पडद्यावर पहिले चारसहा शब्दच दिसतात, बाकीचे कापले जातात, त्यामुळे 'चहा झाला?' पुढे असणं फार सोयीचं होतं. नाव घातलं नाही. 'प्रिय अमुक' असं नाव घालून लिहिलं की लोकांना कुणीतरी टपून बसल्यासारखं वाटतं. उद्गारचिन्ह नाही, सूट नाही. अर्ध्या लोकांना जुनी ओळ गेली, अर्ध्यांना ही. काकूंची ओळ सहज जिंकली. उघडणारे वाढले आणि बंद करणारे कमी झाले. मॅनेजर म्हणाला, "हाच आवाज धर. अशाच लिही."

मग मी अशाच लिहीत गेले. काकू बोलायच्या आणि मी टिपायचे. 'आज स्वयंपाकाचा कंटाळा आला असेल.' 'उन्हाचं बाहेर पडू नका, मागवून घ्या.' 'गोड काहीतरी असू दे जेवणानंतर.' त्यांना त्याची गंमत वाटायची. आपलंच वाक्य आपल्याच फोनवर आलं की काकांना दाखवायच्या, "बघा, सगळी मुंबई माझं ऐकते. तुम्हीच ऐकत नाही."

थंडीच्या दिवसांत काकू गेल्या. आदल्या दिवशी अंगावर थोडा ताप होता, बाकी काही नाही. सकाळी उठल्याच नाहीत.

पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. मग मुलगी तिच्या घरी गेली आणि काका एकटे उरले. काकूंचा फोन तसाच चालू ठेवला होता, कारण गॅसचा नंबर, बँकेचा ओटीपी सगळं त्याच फोनवर यायचं. दिवाणखान्यात काकूंच्या फोटोखाली एक लाकडी फळी आहे, तिथे तो चार्जिंगला लावलेला असायचा.

एका शनिवारी दुपारी मी काकांना पुरणपोळी द्यायला गेले. ते खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. मी ताट टेबलावर ठेवलं आणि फळीवरचा फोन वाजला. काकूंनी देवळातल्या घंटेसारखा आवाज लावून घेतला होता, तो. काकांनी चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाले, "झाला गं चहा. ही पोळी आणलीय हिने, तीच खातो."

मी फळीकडे पाहिलं. पडद्यावर काकूंचं वाक्य होतं. चहा झाला? बरोबर काहीतरी खाऊन घ्या.

मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. ती ओळ लाखभर फोनांवर त्याच सुमाराला गेली असणार, हे मला माहीत होतं. ती मीच लिहिली होती, हेही. तरी त्या खोलीत, त्या फोटोखाली ते काकूच बोलल्या.

काका उठले, फोनला बोट लावलं, ॲप उघडलं, दोन क्षण पाहिलं आणि परत ठेवून दिला. "उत्तर दिलं नाही तर फोनचा तो बारका दिवा पेटलेला राहतो," ते म्हणाले. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, मन रमवतोय. चालू द्यावं.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांनी मला जिन्यात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाले, "एक विचारू? तुझ्या लक्षात आलंय का, ती आता वेळ बदलून येते."

"कोण, काका?"

"आधी चारला यायची. झोपून उठली की. आता मी सकाळी देवपूजा करून बसतो ना, तेव्हा येते. ती कधी त्या वेळेला बोलायची नाही, तिला स्वयंपाकाची घाई असायची. आता माझ्या वेळेला उठते."

ते घाबरलेले नव्हते. चेहऱ्यावर एक हळवी, जरा लाजरी अशी खुशी होती. घाबरले मी.

यामागे काय असतं ते मला ठाऊक होतं. आमची यंत्रणा प्रत्येक फोनची सवय शिकते. माणूस कोणत्या वेळी ओळ उघडतो हे पाहत राहते आणि हळूहळू त्याच वेळी पाठवू लागते, म्हणजे भलत्या वेळी त्रास नको. काकू चारला उघडायच्या, म्हणून चारला यायची. आता काका उघडत होते, आणि काही वेळा दुपारची ओळ राहून गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेनंतर उघडत होते. यंत्रणेला एवढंच कळलं की या बाईची सवय बदलली. बाई गेलीय हे तिला कळायला मार्गच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी आमच्या डेटावाल्या मुलीला विचारलं. ती लालबागची, माझ्याहून लहान, बोलण्यात चोख. कुणाचं खातं ते सांगितलं नाही, तसं बघायचीही नसतात कुणाची खाती. "समज, एक फोन प्रत्येक ओळ उघडतो. कधीच काही मागवत नाही. त्याला आपण काय करतो?"

"काय करणार? त्याला आवडतंय. प्रत्येक उघडतोय म्हणजे एकदम वरच्या गटात. त्याला दिवसाला एकाऐवजी दोन जातात."

"मागवत नसला तरी?"

"मोजणी उघडण्यावर आहे ना, ताई."

आणि झालंही तसंच. पुढच्या आठवड्यात काका म्हणाले, "काल दोनदा विचारलंन. काळजी वाटत असेल तिला. मी नीट जेवत नाही ते कळतं."

ते खरंच नीट जेवत नव्हते. दर रविवारी मुलीकडे प्रभादेवीला जायचे, तेही बंद झालं. मुलीला सांगायचे, घरी कुणी नसलं तर तुझ्या आईला बरं वाटणार नाही. मुलगी शेवटी स्वतः आली. काका आत अंघोळीला गेलेले असताना तिने मला बाहेर बोलावलं.

"बाबा रोज तिच्याशी बोलतात," ती म्हणाली. "आधी मला वाटलं फोटोशी बोलतात. सगळेच बोलतात. पण ते उत्तर देतात. म्हणजे आधी कुणीतरी विचारतं. मी काल ऐकलं. तुला माहितीय ना?"

"हो."

"ते वाक्य आईचं आहे. शब्दन् शब्द आईचं. तुमच्या ॲपला ते कुठून मिळालं?"

मी तिला सगळं सांगितलं. काकू दुपारी कशा वाचायच्या, मी कशी टिपून न्यायचे. ती ऐकत राहिली. रागावली नाही. मग म्हणाली, "तू बंद कर ते."

बंद करणं सोपं होतं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन एक खटका इकडचा तिकडे. काका बाहेर आले तेव्हा मी फळीवरचा फोन हातात घेतलेला होता. टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून ते म्हणाले, "काय करतेस?"

मुलगी म्हणाली, "बाबा, ही त्रास देणारी नोटिफिकेशनं बंद करतोय."

"त्रास?" काका माझ्याकडे वळले. "तुला तिने कधी त्रास दिला का गं?"

मी फोन परत ठेवला.

त्या दिवसांत मी लिहिण्याच्या कामात फार अडकले. ओळ सुचेना असं नव्हतं. उलट भराभर सुचायच्या, आणि सगळ्या काकूंच्या. मी 'वडापाव' लिहायला घ्यावा आणि कागदावर यावं, 'ते तळलेलं सारखं नको, घशाला त्रास होईल.' खाणं विकणाऱ्या कंपनीला याचा काय उपयोग? मी खोडायचे आणि पुन्हा तसंच काहीतरी यायचं. त्यांनी मला हयातीत सांगितलेली वाक्यं केव्हाच संपली होती. ही नवी होती.

त्यातली एक मी ठेवली. दुपारपर्यंत ज्यांनी ॲप उघडलेलं नसेल त्यांच्यासाठी. 'भूक नाही म्हणू नका. थोडं तरी खा.' मला ती चांगली वाटली. मॅनेजरलाही वाटली. सकाळी लिहिली, दुपारी गेली.

संध्याकाळी घरी आले तर काकांचं दार सताड उघडं. ते खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर. समोरच्या ताटलीत अर्धी पोळी.

"ये," ते म्हणाले. "आज काय झालं सांगू? सकाळपासून मन नव्हतं, फोनही उघडला नव्हता. दुपारी भाजी गरम केली, ताट घेतलं आणि घासच जाईना. मी आपलं म्हटलं, मोठ्याने म्हटलं, 'भूक नाही गं आज.' एवढं म्हटलं आणि फोन वाजला. जाऊन पाहिलं, तर म्हणते, भूक नाही म्हणू नका."

मी ताटलीकडे पाहिलं.

"मग खाल्ली अर्धी," ते म्हणाले. "तिचं ऐकायला हवं ना. पण पोरी, खरं सांगतो, या वेळी मला जरा भीती वाटली. आधी ती विचारायची, मी सांगायचो. आज मी बोललो ते तिने ऐकलं."

खोलीत दिवा लावलेला नव्हता. मी उठून लावला. काकूंचा फोटो तोच होता, मुलीच्या लग्नातला, जरा मान वाकडी करून हसणारा. मी काकांना सांगायचा प्रयत्न केला. की ती ओळ मी आज सकाळी परळला बसून लिहिली, ती पुष्कळांना गेली, दुपारपर्यंत ज्यांनी ॲप उघडलं नाही त्या सगळ्यांना. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. गोदीत आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, त्यांना पत्रांच्या छापील नमुन्यांची सवय होती. शेवटी म्हणाले, "ते कळलं मला. तू लिहिलंस. पण तुला आज सकाळी हेच का सुचलं?"

मी ताटली उचलून आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरपाशी जाऊन बसले. काकांचं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की घरातलं माणूस बोलल्यासारख्या ओळी आपण बंद करू या.

"का? त्याच तर चालतात."

"चालतात, कारण वाचणाऱ्याला क्षणभर वाटतं, घरातलं कुणीतरी बोललं. मग कळतं की दुकान आहे. ज्याच्या घरात कुणी नाही त्याला काय वाटत असेल?"

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "टेस्ट लाव. पण आकडे वाईट आले तर जुन्यावर परत."

मी नवीन ओळी लिहिल्या. त्यांत कुणी विचारत नव्हतं, काळजी करत नव्हतं. कोणता पदार्थ, कोणत्या भागातला, आत्ता मिळेल की नाही, बस्स. 'दादरला गरम थालीपीठ, चार वाजल्यापासून.' 'कोळंबीचं कालवण आणि भात, आज दुपारी.' दुकानाची पाटी असावी तशा. लिहिताना पहिल्यांदाच हात मोकळा वाटला. तीन आठवडे दोन्ही तऱ्हेच्या ओळी अर्ध्या अर्ध्या लोकांना गेल्या. नवीन ओळी उघडणारे जरा कमी झाले, पण मागवणारे तेवढेच राहिले आणि बंद करणारे आणखी घटले. मॅनेजरला एवढं पुरे होतं. सगळ्यांसाठी नवीन आवाज लागू झाला.

मी काकांकडे जायला दोनतीन दिवस लावले. गेले तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं.

"परवापासून दुसराच कुणीतरी बोलतोय. थालीपीठ विकतो. आवाज तोच, घंटेचा. पण माणूस दुसरा."

"हो, काका."

"ती सांगून नाही गेली," ते म्हणाले. मग म्हणाले, "पहिल्यांदाही नव्हती सांगून गेली."

त्यांनी पुढे दोन आठवडे वाट पाहिली. रोज ओळ उघडायचे, वाचायचे, फोन ठेवायचे. मग एका सकाळी दारात येऊन फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता ते बंद करून दे. ओटीपी तेवढे येऊ देत." मी तो खटका फिरवला. त्या रविवारी मुलगी त्यांना न्यायला आली आणि ते पिशवी भरून तयार बसलेले होते. आता ते बराच काळ प्रभादेवीलाच असतात. महिन्यातून एकदा घर झाडायला येतात, तेव्हा माझ्याकडे जेवतात. काकूंबद्दल बोलतात, पण ती आहे असं बोलत नाहीत.

ही गोष्ट इथे संपली असती. पण माझ्या डोक्यातून तो वरचा गट जाईना. मी मॅनेजरला म्हटलं, सगळं उघडायचं आणि काहीच मागवायचं नाही अशा फोनांना आपण दिवसाला दोनदा का छळतो? आकडे उगाच फुगतात. ते त्याला पटलं. कित्येक महिने एकही ऑर्डर नाही, तरी रोजची ओळ न चुकता उघडलेली, अशा फोनांना हळूहळू थांबवायचं असं ठरलं. डेटावाल्या मुलीने त्यांची मोजणी लावली.

आकडा पडद्यावर आला तेव्हा मी तिच्या मागे उभी होते. तिने तो पाहिला, काहीतरी चुकलं असेल म्हणून मोजणी पुन्हा लावली. तोच आकडा आला. आमची दोघींची अटकळ पन्नास-शंभरांची होती. हे त्याच्या कितीतरी पटींत होतं.

"रोज उघडतात," ती म्हणाली. "रोज. काही घेत नाहीत." मग खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, कोण असतील ही सगळी?"

बाहेर भर दुपार होती, पलीकडच्या टेबलांवर लोक डबे उघडत होते. मी म्हटलं, "असतील कुणीतरी. सगळेच तसले नसतील." तसले म्हणजे कसले, हे तिने विचारलं नाही. तिचीही आजी त्याच वर्षी गेली होती.

शेवटची एखादी निरोपाची ओळ पाठवावी का, यावर चर्चा झाली. मी नको म्हटलं. दुकान निरोप घेत नाही. आठवड्यात दोन, मग एक, मग काही नाही, असं करत आम्ही ते फोन शांत केले.

बहुतेकांनी काही म्हटलं नाही. पण तक्रारींच्या खिडकीत थोडे मेसेज आले, आणि मराठीतले म्हणून माझ्याकडे पाठवले गेले. कुणी विचारलं होतं, ॲप बिघडलंय का. कुणी फोन दुरुस्तीला नेऊन आला होता. एकाने फक्त लिहिलं होतं, 'रोज चारला यायचं. आता येत नाही. आमचं काही चुकलं का?'

त्याला काय लिहावं यावर मी अर्धी दुपार घालवली. पुष्कळ ओळी सुचल्या, मायेच्या, समजावणाऱ्या. त्या सगळ्या खोडल्या आणि लिहिलं: 'नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. आम्ही नोटिफिकेशनं कमी केली आहेत. पुन्हा हवी असल्यास ॲपमधल्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करता येतील.'

त्यावर उत्तर आलं, 'बरं.' नोटिफिकेशनं त्याने पुन्हा सुरू केली की नाही, ते मी पाहिलं नाही.